घरात बायको मेलेली सापडली, तर नवऱ्यानेच हिशोब का द्यायचा?

अनघा_सातारा: आरोपी निर्दोष धरायचा, गप्प बसायचा हक्क त्याला राज्यघटनेने दिलाय, असं आपण शिकतो. मग ‘बंद घरात नवरा-बायको दोघेच होते, ती मेली, आता त्यानेच सांगावं कशी मेली’ असं न्यायालय कसं म्हणू शकतं? मला हे उघड उघड उलटं वाटतं. तुमचं मत?

दत्ता_वकील: उलटं नाही, पण अर्धंच ऐकलं तर तसं वाटतं. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 106, म्हणजे 1 जुलै 2024 पासूनच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातलं 109, एवढंच म्हणतं की एखादी गोष्ट विशेषकरून एकाच माणसाला ठाऊक असेल तर ती त्याने शाबीत करावी. कायद्यातलंच उदाहरण विनातिकीट प्रवाशाचं आहे. तिकीट होतं की नाही, हे तो दाखवेल. रेल्वेने ‘नव्हतं’ हे कसं शाबीत करायचं?

आता महाराष्ट्रातलंच प्रकरण घ्या, त्रिमुख मारोती, सर्वोच्च न्यायालय, 2006. बायको सासरी मेली, माहेरी निरोप गेला की साप चावला. शवविच्छेदनात निघालं गळा आवळल्याचं. म्हणजे सापाची कहाणी डॉक्टरांनीच मोडली. घराच्या चार भिंतींआड झालेल्या खुनाला साक्षीदार कुठून आणणार? न्यायालय म्हणालं, आत राहणाऱ्यांनी पटेल असा खुलासा द्यायला हवा. दिला नाही किंवा खोटा दिला, तर परिस्थितीच्या साखळीत आणखी एक कडी जोडली जाते. बाकीच्या कड्या आधी सरकार पक्षानेच आणायच्या: मरण खुनाचंच होतं, आरोपी तेव्हा घरात होता, छळ होत होता.

रानडुक्कर: म्हणजे शेवटी तेच ना! सात वर्षांच्या आत बायको मेली की नवराच दोषी, हे 106 मुळेच.

दत्ता_वकील: नाही हो, दोन गोष्टींची सरमिसळ झाली. सात वर्षं हुंडाबळीत लागतात, ते कलम वेगळं (जुनं 113-ख, नवं 118). मरण अनैसर्गिक होतं आणि मरणाच्या थोडं आधी हुंड्यासाठी छळ झाला, हे सरकार पक्षाने दाखवलं की न्यायालयाला गृहीत धरावंच लागतं. छळच शाबीत झाला नाही तर गृहीतकाला उभं राहायला जागाच नाही. 106 मध्ये असं गृहीतक नाही.

मीना_कोथरूड: माझ्याच मेव्हण्याचं बघा. उसने घेताना कोरा चेक सही करून दिला, आता तो वटला नाही म्हणून खटला. वकील म्हणतात, तूच शाबीत कर की देणं नव्हतं. तेच कलम ना?

दत्ता_वकील: ताई, तो चेकचा कायदा, कलम 139. सही मान्य असेल तर देणं होतं असं धरतात. ते खोडायला मेव्हण्याने संशयापलीकडचं शाबीत करायला नको, शक्यता आपल्या बाजूला झुकवली की पुरतं. त्यासाठी स्वतः पिंजऱ्यात उभं राहायलाच हवं असंही नाही. तक्रारदाराच्या उलटतपासात ‘एवढी रोख कुठून आणली’ याचं उत्तर अडखळलं, तरी काम होतं. पण इथे प्रश्न खुनाचा आहे.

अनघा_सातारा: पण दत्ताकाका, ‘बाकीच्या कड्या आधी आणायच्या’ हे कागदावर झालं. 2006 च्याच निकालात असंही आहे की अशा गुन्ह्यात सरकार पक्षाचा भार तुलनेने हलका असतो. हलका म्हणजे किती? इथूनच घसरण सुरू होते.

दत्ता_वकील: ही शंका रास्त आहे. म्हणूनच मी 1956 च्या शंभुनाथ मेहरा खटल्याकडे पुन्हा पुन्हा जातो. रेल्वेच्या कर्मचाऱ्याने प्रवासभत्त्यात खोटं भाडं लावल्याचा आरोप होता. न्यायालयाने सांगितलं, ‘विशेषकरून’ हा शब्द सोडला तर प्रत्येक खुनात आरोपीनेच ‘मी मारलं नाही’ हे शाबीत करत बसावं लागेल, कारण मारलं का हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? रेल्वेकडेच कागद असतील तर ती गोष्ट त्याच्या एकट्याची राहत नाही.

रानडुक्कर: बरं, मी हुंड्याचं चुकलो. पण गप्प बसण्याचं काय? खटल्यात न्यायाधीश प्रश्न विचारतात तेव्हा ‘माहीत नाही’ म्हणालो तर?

दत्ता_वकील: म्हणता येतं. त्या जबाबावर शपथ नसते, खोट्या उत्तराबद्दल शिक्षाही नाही. पण वीस प्रश्नांना ‘खोटं आहे’ एवढंच उत्तर देऊन घरी सापडलेल्या प्रेताबद्दल अवाक्षर न काढणारे अशील मी पाहिलेत. मग युक्तिवादात माझ्या हातात काही उरत नाही. त्या रात्री कारखान्यात पाळीवर होतो, तर पंचिंगची नोंद मागवा, तेवढंच पुरतं. मात्र साखळी मुळातच तुटकी असेल, तर गप्प बसणं तिला जोडू शकत नाही. 1984 च्या शरद सारडा निकालापासून हे पक्कं आहे.

अनघा_सातारा: आणि घरात सासू, दीर, जाऊ सगळेच असतील तर? रात्री कोण कुठल्या खोलीत, हे कोणाच्या ‘विशेष’ माहितीत?

दत्ता_वकील: तिथे मी स्वतः अडतो. नवरा गच्चीवर झोपला होता असं दिराने सांगितलं, तर ते खुलासा मानायचं की बचावासाठी रचलेलं? दोन्ही बाजूंनी युक्तिवाद केलेत मी, आणि दोन्ही वेळा मला माझीच बाजू बरोबर वाटली होती.

मीना_कोथरूड: मेव्हण्याला उलटतपासाचं सांगते.