मदत हवी आहे: पॅटर्नवरून शिवलेल्या ड्रेसची बाही मुंढ्यात बसत नाही

रंगीत रीळ:
ब्लाउज आणि साधे कुर्ते शिवते. विकतच्या कागदी पॅटर्नवरून ड्रेस शिवायची ही पहिलीच वेळ. गुडघ्यापर्यंतचा ड्रेस आहे, छातीला बाजूने टक, पाठीत चेन, लावलेली बाही. कापड कॅम्ब्रिक. खांदे आणि बाजू शिवून झाल्या. आता बाही मुंढ्यापेक्षा बरीच मोठी निघाली आहे आणि छातीतही ड्रेस घट्ट होतोय. माप पॅटर्नच्या तक्त्यावरूनच घेतलं होतं.
कागदावर कडेला कुठे एक, कुठे दोन छोटे त्रिकोण आहेत. ते आगाऊ वाटले म्हणून कापताना उडवले. बाहीच्या डोक्यावर एक गोल ठिपका आहे, त्याचं काय करायचं तेही कळलं नाही. बाही कापून लहान करू का?

मशीनवाले काका:
त्रिकोण म्हणजे जुळवायच्या खुणा, ते उडवायचे नसतात. एकेरी समोरचा, दुहेरी पाठीचा. बाही मोठी असेल तर वरचा गोल अर्ध्या इंचाने उतरवून टाक, बसेल.

सुईदोरा:
खुणांबद्दल काका बरोबर आहेत, पण ताई, बाहीला कात्री लावू नका. डोक्याची उंची कमी केली की बाही खांद्यापाशी ओढली जाते आणि वळ्या पडतात. शिवाय लावलेली बाही मुंढ्यापेक्षा थोडी मोठी असायलाच हवी, खांद्याच्या गोलाईवरून कापड वळतं ते त्या जादा लांबीमुळेच.
आधी दोन गोष्टी सांगा. खांदे आणि बाजू कडेपासून किती अंतरावर शिवल्या? आणि मुंढा व बाही कापलेल्या कडेवर मोजली की शिलाईच्या रेषेवर? मुंढ्याची कापलेली कड शिलाईपेक्षा आखूड असते आणि बाहीच्या डोक्याची कड शिलाईपेक्षा लांब. त्यामुळे कडेवर मोजलं की फरक आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. टेप उभी धरून शिलाईच्या रेषेवर फिरवा.

निळी गाठ:
माझ्याकडे बुर्डा मासिकातला पॅटर्न आहे आणि तोही घट्ट होतोय. त्यात मार्जिन धरलेलंच नसतं म्हणे. यांचंही तेच असणार, कागदाच्या कडेवरच कापलंय.

सुईदोरा:
बुर्डाच्या मासिकात बहुतेक वेळा मार्जिन आपल्यालाच वाढवावं लागतं, तुमचं घट्ट होण्याचं कारण ते असेल. सिम्प्लिसिटी, मॅकॉल्ससारख्या पाकिटातल्या पॅटर्नमध्ये ते बहुधा धरलेलं असतं, 1.5 सेंमी. छोट्या डिझायनरांच्या पॅटर्नमध्ये 1 सेंमीही असतं. पहिल्या पानावर लिहिलेलं असतं, कापण्याआधी तेवढं एक वाक्य वाचायचंच.

रंगीत रीळ:
माझ्या कागदावर 1.5 सेंमी धरलंय असं लिहिलंय. पण ब्लाउजच्या सवयीने खांदे आणि बाजू एक इंच सोडून शिवल्या. बाहीची काखेखालून जाणारी शिलाई मात्र 1.5 वरच आहे. पुन्हा मोजलं: मुंढा 42 सेंमी, बाही 49. बाजू नुसत्या शिवल्यात, खांद्याची जादा पट्टी शिलाईपासून 1 सेंमी ठेवून कापली आणि इंटरलॉकही केली.

सुईदोरा:
मग सगळं सापडलं. ब्लाउजमध्ये आपण एक इंच ठेवतो तो पुढे उसवून वाढवण्यासाठी, आणि तो कापताना मापाबाहेर धरलेला असतो. इथे पॅटर्नने 1.5 च दिलेत, तुम्ही 2.5 खाल्ले, म्हणजे प्रत्येक कडेला 1 सेंमी जादा. छातीत दोन बाजू, प्रत्येकी दोन कडा, म्हणून घेर 4 सेंमीने घटला. मुंढ्यात खांद्याच्या दोन आणि बाजूच्या दोन कडा येतात, तिथेही 4 सेंमी गेले. मुंढा मुळात 46 चा होता. 49 च्या बाहीला 3 सेंमी सैल, हे ठरवूनच दिलेलं आहे.
बाजू उसवून 1.5 वर शिवा, छाती पूर्ण सुटेल आणि मुंढा 44 होईल. खांद्याला आता 1 सेंमीच उरलंय. इंटरलॉक उसवून शिलाई कडेपासून 6 मिमीवर आणली तर दोन कडांचे मिळून 8 मिमी परत मिळतात. मुंढा 44.8. उरलेल्या फरकासाठी बाहीची खालची शिलाई दोन्ही कडांना अर्धा सेंमी आत घ्या, दंडात जागा असेल तरच. बाही 48 होईल, फरक 3.2. हा चालतो, पण कॅम्ब्रिक जरा कडक असल्याने याहून जास्त पोटात घेणार नाही, चुण्या दिसतील.

रंगीत रीळ:
आणि उडवलेले त्रिकोण?

सुईदोरा:
कागद पुन्हा कापडावर ठेवून खडूने खुणा करा. पुढच्या वेळी त्रिकोणाच्या जागी खाच आत द्यायची ती 3 ते 4 मिमीच, 1.5 च्या मार्जिनमध्ये खोल कात्री गेली तर शिलाईपर्यंत पोचते.
बाहीच्या डोक्यावरचा ठिपका खांद्याच्या शिलाईला लागतो. एकेरी खाच समोरच्या एकेरीला, दुहेरी पाठीच्या दुहेरीला. उजवी-डावी बाही उलटसुलट लागलीय का हे यावरूनच कळतं. काखेपासून खाचेपर्यंत बाही आणि मुंढा एकास एक असतात, तिथे जादा कापड भरायचं नाही. सगळी सैल दोन खाचांच्या वरच्या भागात. तुम्ही खालून अर्धा सेंमी घेतल्यामुळे बाहीच्या खाचा तेवढ्याच सरकतील, म्हणून बाहीवरच्या दोन्ही खुणा अर्धा सेंमी डोक्याकडे हलवून घ्या.
मग एका खाचेपासून डोक्यावरून दुसऱ्या खाचेपर्यंत लांब टाक्याच्या दोन ओळी मारा, कडेपासून 6 आणि 12 मिमीवर. दोरे ओढून कापड गोळा करा, ठिपक्याच्या आजूबाजूचा एखादा इंच सपाट राहू द्या. वाफेची इस्त्री मार्जिनपुरतीच फिरवा. मग टाचण्या, कच्चा टाका आणि शेवटी मशीन, बाहीची बाजू वर ठेवून, म्हणजे चुणी पडली तर लगेच दिसते.

मशीनवाले काका:
एवढं कशाला? बाजू उसवणारच आहे तर बाही आधी सपाट लाव आणि मग बाहीपासून बाजूपर्यंत एकच शिलाई घे. शर्टाला आम्ही तसंच करतो.

सुईदोरा:
शर्टाच्या बाहीचं डोकं बसकं असतं आणि सैल एखादा सेंमी. तिथे ते उत्तम. 3 सेंमी सैल असलेली बाही सपाट लावली तर सैल नेमकी कुठे गेली ते कळत नाही. इथे बाजू आधी, बाहीची खालची शिलाई वेगळी, आणि मग गोलात गोल बसवायचा.

रंगीत रीळ:
क्रमच विचारायचा होता. गळ्याचं फेसिंग आणि चेन अजून लागलेलं नाही.

सुईदोरा:
सुट्या तुकड्यावर सर्वांत आधी गळ्याला कडेपासून 12 मिमीवर एक साधी शिलाई, नाहीतर हाताळताना गळा ताणून मोठा होतो. ती नसेल तर आता तरी घ्या. मग टक, रुंद टोकाकडून निमुळत्या टोकाकडे, शेवटी उलट टाका न मारता दोऱ्याला गाठ. त्यानंतर खांदे, चेन, फेसिंग, बाजू, बाही, शेवटी खालची पट्टी. फेसिंगचे खांदे वेगळे शिवून मग गळ्याला लावायचे. तुमचे खांदे सरकताहेत म्हणून फेसिंग गळ्याला लावून बघा, थोडं लांब असेल तर त्याच्या खांद्याला जास्त मार्जिन घ्या.

कापडचोपड:
चेन बाजूंच्या आधी का? पाठ सपाट असताना लावायला सोपी हे मान्य, पण यांचा ड्रेस आधीच घट्ट होता. बाजू कच्च्या टाकून घालून बघितल्यावर चेन लावली तर पाठीतूनही थोडं कमीजास्त करता येईल.

सुईदोरा:
बाजूंनी सैल करता येत असताना पाठीच्या मध्यात मी हात लावणार नाही, गळ्याची रुंदी बदलते.

कापडचोपड:
पाठ रुंद असेल तर बाजू सोडून तिथली ओढ जात नाही. ताई, चेन लावण्याआधी पाठ टाचण्यांनी बंद करून घाला. दोन्ही मुंढ्यांच्या मधे पाठीवर आडव्या रेषा येतात का बघून सांगा.