शब्दचर्चा : ‘डोळ्याच्या उंचीवर’ म्हणजे नेमकी कुणाच्या डोळ्याच्या?

पिवळादिवा
एका जुन्या इमारतीत कलादालन होणार आहे, त्याचं रेंडर, म्हणजे संगणकावर तयार केलेलं चित्र, आमच्याकडे आहे. सोबतचं टिपण समितीसमोर वाचलं जाणार, म्हणून ते मराठीत हवंय. वास्तुविशारदांनी एका ओळीत सांगितलंय : ट्रॅक लाइटिंग, चित्रं आय लेव्हलला, भिंती न्यूट्रल आणि शांत. मी लिहिलं, ‘रुळावरील दिवे, दृष्टिपातळीवरील चित्रे, उदासीन भिंती’. ऑफिसात सगळे हसले. काय लिहू?

वैशालीताई_ठाणे
आम्ही गॅलरीत ट्रॅक लाइट लावले होते, पहिल्याच पावसात दोन गेले. पाणी न शिरणारे घ्या. आणि चित्रं गॅलरीत नकोतच, दुपारचं ऊन थेट येतं.

पिवळादिवा
ताई, ही घराची गॅलरी नाही, संग्रहालयातली आहे.

वैशालीताई_ठाणे
मग ‘दालन’ लिहा की सरळ. मराठी माणसाला गॅलरी म्हटलं की वाळत घातलेले कपडेच दिसणार. उन्हाचं मात्र खोटं नाही सांगितलं.

निवृत्त_चित्रकलामास्तर
‘दृष्टिपातळी’ला हसण्यासारखं काय आहे? इंटरमिजिएटच्या मुलांना यथार्थदर्शन शिकवताना आम्ही हाच शब्द वापरत आलो. दृष्टिपातळी म्हणजेच क्षितिजरेषा. चित्रं त्या रेषेवर टांगली की आय लेव्हल झाली. वेगळा शब्द शोधायची गरज नाही.

खिळा_आणि_ओळंबा
मास्तर, शब्द बरोबर आहे, पण इथे दोन डोळे आहेत. एक दालनात उभ्या असलेल्या माणसाचा, दुसरा रेंडरमधल्या कॅमेऱ्याचा. क्षितिजरेषा कॅमेऱ्याबरोबर वर-खाली होते. चित्र मात्र खिळ्यावर असतं, ते हलत नाही.

मी चित्रं टांगण्याची कामं करतो. आमच्यात आय लेव्हल म्हणजे जमिनीपासून चित्राच्या मध्यापर्यंतची उंची. बहुतेक ठिकाणी ती १४५ ते १५५ सेंटिमीटरच्या दरम्यान ठरवतात आणि मग त्या दालनात तीच पाळतात. चित्र लहान असो की मोठं, मध्य एका ओळीत येतो. वरच्या कडा जुळवायला गेलात तर लहान चित्रं छताकडे पळाल्यासारखी दिसतात.

खिळ्याची उंची वेगळीच निघते. समजा मध्य १५० वर हवा आणि चौकट ९० सेंटिमीटर उंच आहे. निम्मे ४५ मिळवले की वरची कड १९५ वर आली. मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून ८ सेंटिमीटर खाली राहते, तर खिळा १८७ वर. तार हाताने ताणून मोजायची, कारण सैल तार मोजली की चित्र हमखास खाली बसतं.

म्हणून टिपणात ‘चित्रांचा मध्य जमिनीपासून १५० सेंटिमीटरवर’ असं लिहा. समितीतला कुणीही टेप लावून बघू शकेल.

पिवळादिवा
हे पटलं. पण मग रेंडरमध्ये माझी चित्रं खाली पडल्यासारखी का दिसतात? मध्य १५० लाच आहेत, मोजलेत.

खिळा_आणि_ओळंबा
कॅमेरा किती उंचीवर आहे?

पिवळादिवा
१७५. माझ्या स्वतःच्या उंचीचा ठेवला.

खिळा_आणि_ओळंबा
तिथेच आहे. शिवाय १७५ उंचीच्या माणसाचे डोळे १६३-१६४ च्या आसपास असतात, डोक्याच्या टोकावर नसतात. इथे मात्र मास्तरांचं ऐका. कॅमेरा सरळ समोर रोखून १५० वर आणा. मग जवळचं असो की लांबचं, प्रत्येक चित्राचा मध्य पडद्यावर एकाच आडव्या रेषेत येईल. मधोमध एक रेघ ओढून पाहा. कॅमेरा वर असला की जवळच्या चित्रांचे मध्य त्या रेघेच्या बरेच खाली जातात आणि लांबची हळूहळू रेघेकडे चढत जातात, म्हणून पडल्यासारखं वाटतं. आणि कॅमेरा खाली झुकवून जुळवू नका, भिंतींच्या उभ्या कडा तिरक्या होतात. चौकट खाली-वर सरकवायची असेल तर व्हर्टिकल शिफ्ट वापरा.

निवृत्त_चित्रकलामास्तर
म्हणजे माझं अर्धं बरोबर होतं. अर्ध्याचे गुण द्या.

चाकाची_खुर्ची
१५० कुणासाठी? मी बसून बघते. माझे डोळे साधारण ११५ वर येतात. ‘डोळ्याच्या उंचीवर’ असं वाचलं की मला कळतं, तो डोळा माझा धरलेला नाही. शाळेच्या सहलींतल्या मुलांचाही नाही.

खिळा_आणि_ओळंबा
खरं आहे. काही ठिकाणी १४५ च्याही खाली उतरतात. पण उभ्या माणसाला मोठी चित्रं मग खुजी वाटतात अशी तक्रार येते. याचं एकच उत्तर माझ्याकडे नाही.

रसायन_बीएस्सी
‘उदासीन’ला का हसलात? लिटमस आठवा. आम्ल आणि आम्लारी यांचं उदासीनीकरण. न्यूट्रलचा तोच शास्त्रीय प्रतिशब्द आहे.

वैशालीताई_ठाणे
उदासीन भिंत म्हणजे नवरा गावाला गेलेली भिंत. ‘तटस्थ’ म्हणाल तर ती निवडणुकीत कुणाच्या बाजूची नाही असं वाटेल.

पिवळादिवा
‘फिकट राखाडी’ लिहिलं तर?

छटाकार
लिहा, पण रेंडरमध्ये ती राखाडी राहते का ते आधी बघा. मी रोज हेच करते. मटेरियलमध्ये भिंत राखाडी असते आणि चित्रात नारिंगी येते, कारण सागवानी फरशीचा रंग उजेडाबरोबर उसळून भिंतीच्या खालच्या भागावर चढतो. त्यात दिवे ३००० केल्विनचे आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ६५०० वर राहिला असेल तर अख्खी भिंत हळदीची. चित्रामागच्या भिंतीवर कलर पिकर लावा. लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे जवळजवळ असतील तरच तिला न्यूट्रल म्हणायचं. आणि भिंतीला २५५ चा पूर्ण पांढरा देऊ नका. खरा पांढरा डिस्टेंपरही सगळा उजेड परत फेकत नाही. पूर्ण पांढरा दिला की दिव्याखालचा भाग जळतो, चौकटीची सावलीही नाहीशी होते. ८० टक्क्यांच्या आसपास ठेवा.

पिवळादिवा
आकडे बघितले, लाल बराच वर आहे. फरशीच आहे. आता फक्त ‘ट्रॅक लाइट’ राहिला. ‘रूळदिवे’ कसं वाटतं?

निवृत्त_चित्रकलामास्तर
पुढचं स्टेशन कोणतं?

छटाकार
ट्रॅक लाइटच ठेवा, वायरमनही तेच म्हणतो. ट्रॅक भिंतीपासून किती अंतरावर आहे ते मात्र लिहा.

खिळा_आणि_ओळंबा
हो. उभ्या रेषेपासून ३० अंशांवर झोत आला तर बरं असतं. दिवा ३५० वर, चित्राचा मध्य १५० वर, म्हणजे फरक २ मीटर. त्याला ०.५८ ने गुणा, ट्रॅक भिंतीपासून साधारण ११५ सेंटिमीटरवर येतो. त्याहून भिंतीजवळ घेतला की चौकटीची लांब सावली चित्रावर पडते. फार लांब नेला की काचेत दिवा चमकतो आणि बघणाऱ्याचं डोकं आडवं येतं. रेंडरमध्ये दिव्याला उत्पादकाची आयईएस फाइल जोडा, त्यात दिव्याचा उजेड कसा पसरतो ते असतं. नुसता स्पॉट दिला की भिंतीवर बशीसारखी गोल कड उमटते.

आणि दालनात जलरंग असतील तर उजेड ५० लक्सच्या वर नको, तैलचित्रांना २०० पर्यंत चालतो. हळदणकरांचं समईवाल्या मुलीचं चित्र म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यात अंधाऱ्या खोलीत दाखवतात. अनेकांना ते तैलचित्र वाटतं, आहे जलरंगातलं.

पिवळादिवा
समितीला रेंडर झगझगीत हवंय. ५० लक्सचं दालन त्यांना काळोख वाटेल.

छटाकार
एक्स्पोजर वाढवा, दिव्यांची ताकद वाढवू नका. डोळा सरावतो तसा कॅमेराही सरावू द्या.

पिवळादिवा
सध्याचा मजकूर असा : ‘दालनाच्या भिंती फिकट राखाडी. चित्रांचा मध्य जमिनीपासून १५० सेंटिमीटरवर. ट्रॅक लाइट भिंतीपासून ११५ सेंटिमीटरवर.’ ‘शांत’ कुठे घालू?

वैशालीताई_ठाणे
घालूच नका. आणि खुर्चीवाल्या ताईंच्या ११५ चं काय झालं?

पिवळादिवा
वास्तुविशारदांना विचारतोय. एक भिंत खाली घेता येते का बघू.

चाकाची_खुर्ची
एकच भिंत?