मदत हवी आहे: भाजीशी खेळते, पण तोंडात घालत नाही

मुलगी तीन वर्षांची आहे. वरणभात, पोळी, दही, अंडं आवडीने खाते, भाजी मात्र नको. वजन-उंची व्यवस्थित आहे, डॉक्टरांना दाखवलंय. पराठ्यात किसून घातलेली भाजी पोटात जाते, पण तिने ती ओळखून खावी असं मला वाटतं.

भाजीचा रस भाताला लागला की ती दोन्ही सोडायची, म्हणून कप्प्यांची ताटली आणली. त्याचा खरंच उपयोग झाला. आता सगळ्यात छोट्या कप्प्यात भाजीचे वाटाण्याएवढे दोनच तुकडे ठेवते, आणि ती ताटली ढकलत नाही. गाजराची फुलंही करते. शिजवून कापली तर चुरा होतो, त्यामुळे कच्च्या पातळ चकत्या साच्याने कापून मग मऊ वाफवते. भातुकलीच्या ताटलीतून बाहुलीला ती फुलं भरवते, वास घेते, कधी जीभ लावते. गाडी तिथेच अडलीये.

कच्चं गाजर घशात अडकण्याची भीती असल्याने देत नाही. मोबाईल किंवा चॉकलेटचं आमिष नको आहे. दुपारी आजी भरवतात, त्यामुळे खेळ त्यांनाही सहज जमणारा हवा.

जीभ लावण्यापासून चावण्यापर्यंत तुमची मुलं कोणत्या खेळाने पोचली? आणि गाजरच ठेवून आकार बदलत राहू, की फूल तेच ठेवून भोपळा, बीट अशी भाजी बदलू?