रविवारची मुंज: नमस्कार झाला, पुढे काय?

*सानिका:* रविवारी मुंजीला अर्धं गणगोत अनोळखी असणार. नमस्कार झाल्यावर पुढे काय बोलायचं, सांगा कुणीतरी. मागच्या लग्नात "कशा आहात?" "मजेत" एवढं झालं आणि मग दोघी स्टेजकडे बघत उभ्या 😐

*वहिनी:* "कधी आलात?" विचारायचं. वाया जात नाही.

*आत्या:* त्यापेक्षा "किती वाजता निघालात?" विचार. त्यात गाव आपोआप कळतं. "पहाटेच निघालो, पण खंबाटकीत अडकलो" म्हणाल्या की सातारा-कराडकडच्या, म्हणजे आजोबांच्या आजोळची मंडळी. मग "बरोबर कोण कोण आलंय?" त्या नावं घेतात, तू फक्त ऐकायचं. एखादं तरी ओळखीचं निघतंच.

*वहिनी:* पण "काका नाही का आले?" असं थेट नको हं. ते हयात आहेत का हेच आपल्याला माहीत नसतं. "घरी सगळे कसे आहेत?" एवढंच. सांगायचं ते त्या सांगतात.

*दादा:* पुण्यातलेच असतील तर "गाडी कुठे लावलीत?" डीपी रोडवर लग्नसराईत दहा मिनिटांची निश्चिंती. मेट्रोने आले असतील तर नळ स्टॉपला उतरून रिक्षावाला काय म्हणाला, ते ऐकायचं.

*सानिका:* 😂 आणि त्यांनीच "ओळखलंस का मला?" विचारलं तर?

*आत्या:* उगाच हो म्हणू नकोस. "मग सांग कोण?" हे ठरलेलंच असतं. सरळ म्हण, "चेहरा ओळखीचा वाटतोय, पण नातं सांगा ना. मी अमक्यांची धाकटी." बाबांचं नाव ऐकलं की त्यांचा चेहरा खुलतो. "अगं, तुझ्या बारशाची कुंची मीच शिवली होती!" मग तू कुंचीच धरायची. अजून शिवता का, कुणाकडून शिकलात, आता कुणासाठी शिवली. नोकरी, पॅकेज तिथे आणू नकोस.

*सानिका:* त्याच आणतात! "मग, लाडू कधी?"

*वहिनी:* "आज इथले खाऊन घेऊ" म्हणायचं आणि बटूकडे वळायचं. आजोळ कुठलं, मातृभोजनाला किती बटू बसलेत, विषय बदलतो.

*काका:* "बाकी काय विशेष?" फक्त निघताना. मध्येच म्हटलंत तर समोरच्याला वाटतं, ही कंटाळली.

*दादा:* आणि "जेवलात का?" पहिली पंगत उठल्यावरच. मागे मी साडेअकरालाच विचारलं, तर एक आजोबा "कुठे वाढतायत?" म्हणत थेट हॉलकडे निघाले. त्यांना परत आणायला मामा धावले.