मदत हवी आहे: रिक्रूटर रजेवर, ऑफरची मुदत बुधवारपर्यंत

खिडकीजवळ:
गेल्या गुरुवारी ऑफर लेटर आलं. सही करून पाठवायची मुदत येत्या बुधवारची. पत्रात रुजू होण्याची तारीख १ आहे, पण फोनवर १५ ठरली होती. माझा नोटीस पीरियड १२ तारखेला संपतो, म्हणजे १ ला जाणं शक्यच नाही. आज सोमवारी सकाळी रिक्रूटर मॅडमना हे विचारणारी मेल टाकली आणि मिनिटाभरात ऑटो-रिप्लाय: 'मी रजेवर आहे, पुढच्या सोमवारी परतेन. तातडीचं काम असल्यास माझ्या टीमशी संपर्क साधा.' टीममधल्या कोणाचं नाव नाही, नंबर नाही. त्यांचा मोबाइल माझ्याकडे आहे, पण रजेवरच्या माणसाला फोन करायला जीव धजत नाही. वाट बघू की दुसऱ्या कोणाला लिहू? आणि कोणाला?

सरळमार्गी:
उद्या तीच मेल परत टाका. ऑटो-रिप्लाय आला नाही तर समजा मॅडम परत आल्या. नाहीतर ज्यांनी इंटरव्ह्यू घेतला त्या मॅनेजरना थेट फोन लावा. शेवटी माणूस त्यांनाच हवाय.

मीही_त्यातलाच:
माझंही अगदी असंच. इंटरव्ह्यू होऊन तीन आठवडे झाले, एचआर काही बोलेना. मी चार मेल टाकल्या. शेवटी कळलं की ती जागाच रद्द झाली. तुम्ही दुसरीकडे बघायला लागा.

खिडकीजवळ:
अहो, मला ऑफर मिळाली आहे! प्रश्न तारखेचा आहे.

नऊ_ते_सहा:
मी बरीच वर्षं भरतीचंच काम करते. आधी सरळमार्गींचं पहिलं वाक्य खोडते. आउटलुक एका माणसाला ऑटो-रिप्लाय सहसा एकदाच पाठवतं, जीमेलही लागोपाठच्या मेलना दरवेळी पाठवत नाही. त्यामुळे उद्या उत्तर आलं नाही, तर त्यावरून त्या परतल्या की नाही हे कळत नाही. शिवाय कंपनीबाहेरच्यांसाठी वेगळा, त्रोटक मजकूर ठेवता येतो. बदली माणसाचं नाव आतल्यांच्या मजकुरात असेल आणि तुम्हाला दिसलं नसेल, असं होतं.

आता माणूस शोधा. इंटरव्ह्यूचं कॅलेंडर निमंत्रण उघडा आणि ते कोणाच्या नावाने आलं होतं ते बघा. रिक्रूटर आणि वेळ ठरवणारी व्यक्ती पुष्कळदा वेगळ्या असतात. मग ऑफर लेटर आलेल्या मेलच्या सीसीत कोण आहे ते पाहा. तिथे बहुतेक नाव सापडतंच.

एक महत्त्वाचं: या मॅडम कंपनीच्या की एजन्सीच्या?

खिडकीजवळ:
कंपनीच्याच. निमंत्रण बघितलं, एक कोऑर्डिनेटर आहेत. ऑफरच्या सीसीत एचआरचा सामायिक पत्ताही आहे! इतके दिवस डोळ्यांसमोर होता.

नऊ_ते_सहा:
झकास. एजन्सीच्या असत्या तर त्याच एजन्सीतला दुसरा माणूस गाठायला सांगितलं असतं, परस्पर कंपनीत गेलं की ते बिथरतात. आता नवी मेल लिहू नका. ऑफरच्या मूळ मेललाच 'रिप्लाय ऑल' करा, कोऑर्डिनेटरना जोडा, म्हणजे नव्या माणसाला मागचं सगळं तिथेच दिसेल. विषयात मुदत घाला. मजकूर एवढाच:

'ऑफरबद्दल आभार, मला रुजू व्हायचं आहे. पत्रात तारीख १ आहे, फोनवर १५ ठरली होती, माझा नोटीस पीरियड १२ ला संपतो. मॅडम पुढच्या सोमवारपर्यंत रजेवर आहेत आणि उत्तराची मुदत बुधवार आहे. दुरुस्त पत्र मिळेल का? तोवर मुदत वाढवल्याचं कृपया लेखी कळवावं.'

मॅनेजरना मंगळवार दुपारपर्यंत त्रास देऊ नका. नंतर लिहिलंत तर दोन ओळी, 'एचआरमधून कोणाशी बोलू?' इतकंच. पगाराचा विषय तिथे काढू नका.

सरळमार्गी:
ऑटो-रिप्लायचं माहीत नव्हतं. पण फोनवर मी ठाम आहे. मोबाइल नंबर त्यांनीच दिलाय ना?

नऊ_ते_सहा:
बुधवारी सकाळपर्यंत कोणीच बोललं नाही, तर एक छोटा मेसेज टाका, फोन नको. मी तरी रजेवर असताना अशा मेसेजवर चिडले नसते. सगळ्यांचं सांगता येत नाही.

खिडकीजवळ:
आणि काहीच उत्तर आलं नाही तर १ तारीख असलेल्या पत्रावर सही करून ठेवू का?

मीही_त्यातलाच:
करून टाका, तारीख मागाहून बदलतात. माझ्या मेव्हण्याची बदलली होती.

नऊ_ते_सहा:
मी करणार नाही. मागाहून बदलेलही, पण सही केली की कागदावर १ हीच तारीख कबूल केल्यासारखं होतं. त्यापेक्षा मुदतीच्या आत 'ऑफर मान्य, रुजू १५ ला' असं त्याच साखळीत लिहून ठेवा. ते त्यांना चालेल की नाही हे मात्र तेच ठरवणार.

खिडकीजवळ:
मंगळवार, सव्वाचार. सामायिक पत्त्यावरून काही नाही, पण कोऑर्डिनेटरचं उत्तर आलं: मुदत शुक्रवारपर्यंत वाढवली, लेखी. १५ तारखेचं 'मॅनेजरना विचारून कळवते' म्हणाल्या. पत्र अजून जुनंच आहे. सही थांबवली आहे.