नावाचा कॉलम उडवला म्हणजे शीट निनावी झाली का?

दुष्काळी पोरगा (ज्या पोस्टवरून हे सगळं सुरू झालं ती):
ऊसतोड सर्व्हेची एक्सेल मागितली की लोक कायदे सांगायलेत. नाव, मोबाईल, आधार हे तीन कॉलम सिलेक्ट करा, डिलीट मारा, झाली शीट अनॉनिमस. टाका ग्रुपवर. उगं बाऊ करू नका.

गोदाकाठ:
दादा, रात्री हे वाचलं अन् राहवलं नाही, म्हणून लांबलचक लिहायलेय. आम्ही मागच्या हंगामाआधी बीडकडच्या सात गावांत २१२ ऊसतोड बायांचा सर्व्हे केला. तुम्ही म्हणता तेच तीन कॉलम मी उडवले. मागं काय उरलं? गाव, वय, मुलं किती, किती हंगाम तोडीला गेली, गर्भपिशवी काढली का, उचल किती बाकी आहे, मुकादमाबद्दल तक्रार आहे का, अन् शेवटी शेरा. आता ही शीट कोण उघडणारे? दिल्लीतला कुणी हॅकर नाही, गावातलाच मुकादम उघडणारे. त्याला कोणत्या कोयत्यातली बाई केवढी अन् तिला लेकरं किती हे तोंडपाठ असतं, नावाची गरजच नाही त्याला. मी बाजूच्या रिकाम्या कॉलममधे हे टाकलं, B म्हणजे गाव, C वय, D मुलं:

```
=COUNTIFS($B$2:$B$213,B2,$C$2:$C$213,C2,$D$2:$D$213,D2)
```

अन् शेवटच्या ओळीपर्यंत ओढलं. ज्या ओळीपुढं १ येतो तिच्यासारखी दुसरी बाई शीटमधे नाही. २१२ पैकी १६४ ओळींपुढं १ आला. या १६४ बायांची तक्रार मी मुकादमाच्या हातात नेऊन देणार होते. ग्रुपवर टाकायच्या आधी हे पाच मिनिटाचं काम करा, मग बाऊ म्हणा.

दुष्काळी पोरगा:
ताई, शीटमधे एकटी म्हणजे गावात एकटी नाही ना. ३८ वर्षाच्या, तीन लेकरांच्या बाया गावात दहा असतील. तुमच्या यादीत त्यातली एकच आली, कोणती आली ते मुकादमाला काय माहीत? तुमचा फॉर्म्युला उगं भीती घालायलाय.

लातूरचा आकडेमोड्या:
भाऊचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. शंभरातल्या पाच बाया चिठ्ठ्या टाकून निवडल्या अन् कोणत्या निवडल्या ते कुणालाच माहीत नसेल, तर शीटमधे एकटी असणं तेवढं धोक्याचं नसतं. पण ताईंनी सर्व्हे कुठं केला? वस्तीवर, दारोदार. कोण बोललं, कोण नाही बोललं, सगळ्यांनी बघितलं. मग ते झाकण गेलं. अन् वय ताडून बघायला मतदार यादी आहेच, त्यात नाव, वय, घर नंबर, बाई की माणूस सगळं छापलेलं असतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला १९९० च्या दशकात नेमकं हेच झालं. सरकारी नोकरांची दवाखान्याची माहिती नावं काढून संशोधनाला दिली होती. लताण्या स्वीनी नावाच्या विद्यार्थिनीनं केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेतली अन् जन्मतारीख, लिंग, पिनकोड जुळवून खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्डची ओळ शोधून काढली. तिथं आख्खं शहर होतं, इथं ४० घरांची वस्ती आहे.

काळी माती:
मतदार यादीचं काय घेऊन बसलात, आमच्या गावात पीकविम्याच्या यादीत माझं नावच आलं नाही, शेजाऱ्याचं दोनदा आलं. नावं काढून टाकली तर आम्ही तपासायचं कसं? यादी नावासकट भिंतीवर लावलीच पाहिजे.

गोदाकाठ:
काका, ती लाभाची यादी, ती उघडीच पाहिजे. ही दुखण्याची यादी आहे.

काळी माती:
मग रोजगार हमीची? त्यात तर जॉब कार्डावर घरातल्यांची नावं इंटरनेटवर दिसतात, त्याला कोण बोलत नाही. सरकारनं टाकलं तर पारदर्शक अन् पोरानं टाकलं तर गुन्हा?

दुष्काळी पोरगा:
बरोबर बोलले काका. अन् पुण्यामुंबईचे लोक येतात, आमच्या बायांना तासतास बसवतात, रिपोर्ट छापतात, आम्हाला आमचाच डेटा दाखवत नाहीत. २०१९ ला पिशवीच्या ऑपरेशनवरून एवढा गदारोळ झाला, सरकारनं समिती नेमली, तांड्यावर फॉर्म भरायला किती जण आले. त्या बायांच्या हातात काय पडलं? म्हणून म्हणतो, डेटा गावाला द्या.

काळी माती:
अगदी बरोबर. सर्व्हेवाला चहा पिऊन गेला की परत तोंड दाखवत नाही. माझ्या घरी चार वर्षात तीनदा भरून नेलं, एकाचाही निकाल कळला नाही.

गोदाकाठ:
निकाल कळवायला पाहिजे, त्यावर माझं भांडण नाही. आम्ही सातही गावांत परत गेलो, एका गावात तर बायांनी आम्हालाच झापलं. पण निकाल सांगणं वेगळं अन् ओळीन् ओळ वाटणं वेगळं. का एकात एक मिसळायलात?

माळावरची:
मी इथं लिहीत नसते, पण आज लिहिते. आमच्या वस्तीची अशीच शीट एका ग्रुपवर आली होती, कोणी केली ते नाव घेत नाही. नाव नव्हतं, गावही नव्हतं. शेवटच्या शेऱ्याच्या कॉलममधे लिहिलं होतं, कारखान्यावर कोपीत असताना दोन वर्षाचं पोर टाकीत पडून गेलं. ती माझी मावशी. सगळ्या वस्तीला कळलं. त्याच ओळीत पिशवी काढल्याचं होतं, जे तिनं सासरी सांगितलं नव्हतं. शीट टाकणारा पोरगा म्हणाला, मी तर नाव काढलं होतं. तुमचे फॉर्म्युले मला कळत नाहीत, पण शेऱ्याचा कॉलम वाटू नका.

दुष्काळी पोरगा:
ताई, हे वाचून वाईट वाटलं. शेऱ्याचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, ते मानतो. पण बाकीच्याला उपाय आहे की. नावाच्या जागी मोबाईल नंबरचा हॅश टाका, नुसती अक्षरं दिसतील, कुणाच्या बापाला उलटं करता येणार नाही.

लातूरचा आकडेमोड्या:
उलटं करायची गरजच नाही भाऊ. आपले मोबाईल नंबर ६, ७, ८ नाहीतर ९ नं सुरू होतात, म्हणजे एकूण ४०० कोटी. सगळ्यांचा हॅश काढून जुळवत बसायचं, साध्या कॉम्प्युटरला ते फार वेळाचं काम नाही. मुकादमाला तर तेवढंही नको, त्याच्या फोनमधे दोनशे नंबर आहेत. अन् एक सांगतो, शीटवर पिव्होट टेबल केलं असेल अन् नावाचा कॉलम नंतर उडवला असेल, तर पिव्होटच्या एकूण बेरजेवर डबलक्लिक करून बघा. रिफ्रेश केलेलं नसेल तर जुन्या ओळी नावासकट नव्या शीटवर येतात. माझ्या हातून एकदा अशी फाईल गेलीय. तेव्हापासून मी कोऱ्या फाईलमधे नुसत्या व्हॅल्यू पेस्ट करतो, अन् ओळींचा क्रमही विस्कटतो, कारण अनुक्रमांक घराच्या ओळीनं पडलेला असतो.

दुष्काळी पोरगा:
ठीक. मग वाटायचंच नाही का काही?

गोदाकाठ:
वाटलं ना आम्ही. गावाच्या जागी तालुका घातला, दोनच तालुके झाले. वय दहा-दहा वर्षाच्या गटात, मुलं दोनपर्यंत नाहीतर तीन अन् पुढं. हंगाम अन् शेरा काढून टाकले, उचलीचेही तीनच गट केले. तोच फॉर्म्युला परत लावला, पाचापेक्षा कमी असलेल्या ७ ओळी निघाल्या, त्या काढल्या, २०५ राहिल्या. तरी एका गटात सहा बाया होत्या अन् सहाही जणींनी मुकादमाची तक्रार केलेली. कोणती ओळ कुणाची हे कळायची गरजच उरली नाही, त्या गटातली बाई म्हणजे तक्रारवाली. मग तो गट शेजारच्या वयोगटात मिसळला.

दुष्काळी पोरगा:
म्हणजे गावच गेलं. मला माझ्या गावात किती जणींची पिशवी काढली ते दाखवून सरपंचाला धरायचं होतं, तालुक्याच्या आकड्यावर तो म्हणणार आमच्याकडं काही नाही. मी पोस्ट बदलतो, तीन कॉलमवाली ओळ काढतो. पण तुमच्या शीटचा मला उपयोग शून्य, हेही खरं आहे.

गोदाकाठ:
ते खरंय. गावाचा नुसता एक आकडा, वय-मुलं काही न जोडता, वेगळ्या कागदावर देता येतो. तुमच्या गावात किती बाया भरल्या होत्या?

दुष्काळी पोरगा:
अकरा.

लातूरचा आकडेमोड्या:
अकरात नऊ निघाल्या तर परत तेच झालं भाऊ.

माळावरची:
अकराच जणी आहेत तर त्यांनाच बसवून विचारा ना, सरपंचासमोर आकडा ठेवायचा का म्हणून.