उत्तर: पत्रिकेतला मुहूर्त इंग्रजीत

‘इंग्रजी पत्रिकेत मुहूर्ताची वेळ तशीच टाकली तर चालेल ना?’

नुसती टाकू नका. आपल्याकडे 12.17 वाचलं की अक्षता टाकायला त्याआधी पोचायचं, हे सांगावं लागत नाही. ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या कार्डावर मात्र चर्चमधल्या विधीची वेळ वेगळी आणि संध्याकाळच्या रिसेप्शनची वेगळी असते. त्यांच्या लेखी छापलेली वेळ म्हणजे कार्यक्रमाची सुरुवात. फोंड्याला आमच्याकडच्या एका लग्नात मडगावची ख्रिस्ती मंडळी बरोबर सव्वाबाराला दारात, तोवर मंगलाष्टकं संपत आलेली! पुढच्या पत्रिकेत आम्ही तीन ओळी केल्या: पावणेबारापर्यंत आसनस्थ व्हावे, 12.17 ला शुभमुहूर्त, त्यानंतर लगेच जेवण. जेवणाची ओळ गाळू नका, नाहीतर संध्याकाळी रिसेप्शन असेलच असं लोक धरून चालतात.

वरचं ‘श्री शांतादुर्गा प्रसन्न’ भाषांतर न करता रोमी लिपीत तसंच ठेवा, गोव्यात ते कुणालाही कळतं. काका-मामांची लांबलचक निमंत्रक यादी मात्र इंग्रजीत आईवडिलांपुरती आणा. फक्त थोरल्या काकांना आधी विचारा, रुसवे तिथेच होतात.